पान पालथं धरा : वाळवा तालुक्यातल्या एका सोयाबीन प्लॉटचं प्रकरण

१० ऑगस्टला सकाळी साडेअकराच्या सुमारास आबांचे पाच फोटो आले. सोबत एकच ओळ होती : "सोयाबीन पिवळं पडलंय, तांबेरा आलाय, कुठलं औषध मारू?"

आबांचं रान वाळवा तालुक्यात, कृष्णेपासून फार लांब नाही. पाऊण एकराची मळीची काळी जमीन, तिन्ही बाजूंना ऊस. २० जूनला त्यांनी तीनशे पस्तीस म्हणजे जेएस ३३५ पेरलं होतं. फोटो आले त्या दिवशी पिकाला एक्कावन्न दिवस झाले होते. आदल्या आठवड्यात चार दिवस झड लागली होती आणि रानात वाफसा नव्हता.

मी आमच्या शेतकरी गटाचं फोटोंचं रजिस्टर सांभाळते. सभासद पिकाचे फोटो पाठवतात. प्रत्येक फोटोपुढे मी तीन गोष्टी लिहिते : पीक कोणतं, अवस्था कोणती, रोग कोणता. त्यावरून सल्ला जातो, आणि पुढच्या हंगामात तेच फोटो नव्या मुलांना शिकवायला वापरले जातात. त्यामुळे एक चुकीची नोंद एका शेतकऱ्यापुरती राहत नाही. त्या दिवशी मी आबांच्या फोटोंपुढे जे लिहिलं, ते आजही तसंच ठेवलं आहे. त्याच्याखाली लाल शाईने दुरुस्ती आहे.

मी लिहिलं होतं : "सोयाबीन. अवस्था : वाढीची, फूल नाही. रोग : नाही. लोहाची कमतरता."

यातल्या शेवटच्या दोन शब्दांत चूक नव्हती. पिकाचं नाव सोडलं तर बाकी सगळं चुकलं होतं.

पाचही फोटो उभ्याने, वरून खाली घेतलेले होते. पीक दाटलं होतं, ओळी मिटल्या होत्या, त्यामुळे फोटोत दिसत होता तो फक्त वरच्या पानांचा थर. शेंड्याकडची कोवळी पानं फिकट पिवळी, पण शिरा हिरव्या. जमिनीत पाणी साचलं की मुळांना हवा मिळत नाही आणि लोह उचललं जात नाही. लोह जुन्या पानांतून नव्या पानांत सहज सरकतही नाही, म्हणून पिवळेपणा आधी शेंड्याला दिसतो. आमच्याकडे याला केवडा म्हणतात. अडचण अशी की पिवळ्या मोझॅक विषाणूलाही लोक केवडाच म्हणतात. फोटोत हे दोन्ही वेगळे काढता येतात. मोझॅकमध्ये पिवळे आणि हिरवे ठिपके एकमेकांत वेडेवाकडे मिसळलेले असतात, लोहाच्या कमतरतेत शिरांची हिरवी जाळी स्वच्छ उठून दिसते. आबांच्या फोटोत जाळी स्पष्ट होती.

मी आबांना फोन केला. "आबा, हा तांबेरा न्हाय. रानात पाणी झालंय म्हणून शेंडा पिवळा पडलाय. चर काढून पाणी काढा. फेरस सल्फेट पन्नास ग्रॅम दहा लिटरला घ्या आणि फवारा."

"फूल अजून लागलेलं न्हाय ना?" मी विचारलं.

"फूल कुठं दिसतंय? सगळा पालाच हाय," आबा म्हणाले.

या एका प्रश्नोत्तरावर मी पुढचा निष्कर्ष उभा केला. सोयाबीनचा तांबेरा फुलाआधीही लागू शकतो, पण रानात तो नजरेत भरतो तो बहुतेक वेळा फूल लागल्यावर, ओळी मिटून खालची पानं ओलसर सावलीत गेली की. फूल नाही, म्हणजे तांबेऱ्याची वेळ अजून यायची आहे, असं मी धरलं. अवस्था चुकली आणि तिच्या मागोमाग रोगही चुकला.

सोयाबीनचं फूल वरून दिसत नाही. ते पानाच्या देठाच्या बेचक्यात, खोडाला चिकटून येतं. आकार मुगाच्या दाण्याहून थोडा मोठा. जेएस ३३५ चं फूल जांभळं असतं, पण दाट पाल्याखाली जांभळा रंगही सावलीत काळपट होऊन जातो. पहिलं फूल साधारणपणे बुडाकडून तिसऱ्या ते सहाव्या गाठीच्या दरम्यान उमलतं आणि तिथून वर चढत जातं. म्हणजे फुलोऱ्याची सुरुवात झाडाच्या मधल्या आणि खालच्या भागात होते. वरून पाहणाऱ्याला फूल दिसेपर्यंत फुलोरा अर्धा झालेला असतो. आबा खोटं बोलले नव्हते. उभं राहून पाहणाऱ्याला दिसतं तेच त्यांनी सांगितलं होतं. मीही तेच मान्य केलं आणि पाला बाजूला सारून पाहायला सांगितलं नाही.

अवस्था ओळखायची पद्धत ठरलेली आहे, आणि ती फोटोतही वापरता येते. मुख्य खोडावर कुठल्याही गाठीला एक फूल उमललं की आर-१. सगळ्यांत वरच्या, पूर्ण उघडलेलं पान असलेल्या दोन गाठींपैकी एकीला फूल उमललं की आर-२, म्हणजे पूर्ण फुलोरा. वरच्या चार गाठींपैकी एकीला पाच मिलिमीटरची शेंग दिसली की आर-३. तीच शेंग दोन सेंटिमीटरची झाली की आर-४. शेंगेत तीन मिलिमीटरचा दाणा भरू लागला की आर-५. यासाठी फोटोत गाठी दिसायला हव्यात, आणि शेजारी मापाची एखादी वस्तू हवी. आम्ही दहा रुपयांचं नाणं वापरतो. त्याचा व्यास २७ मिलिमीटर असतो, म्हणून त्याच्या शेजारी धरलेली शेंग पाच मिलिमीटरची आहे की दोन सेंटिमीटरची, हे अंदाज न लावता सांगता येतं.

१६ ऑगस्टला आबांचा पुन्हा फोन आला. "पोरी, शेंडा हिरवा झाला, पण खालची पानं गळायला लागली. आणि खालच्या वाकुरीत आठ-दहा झाडं मान टाकून उभी हायत."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रानात गेले. बांधावरून पाहताना पीक खरंच हिरवंगार होतं. फेरसने काम केलं होतं. ओळीत शिरून मी पाला दोन्ही हातांनी फाकवला. आत दमट, कोंदट हवा होती आणि जमिनीवर पिवळ्या पानांचा सडा पडला होता. खोडाच्या मधल्या गाठींवर फुलं वाळून शेंगा धरलेल्या होत्या. वरून तिसऱ्या गाठीला, नाण्याशेजारी धरून पाहिली, सहा-सात मिलिमीटरची शेंग होती. पीक आर-३ ला होतं. म्हणजे ज्या दिवशी मी 'फूल नाही' लिहिलं, त्या दिवशी पीक ऐन फुलोऱ्यात होतं.

बुडाकडून चौथं पान तोडलं. वरच्या बाजूला बारीक तपकिरी ठिपके होते, टाचणीच्या डोक्याएवढे, कडा गोल नसून कोनी, जणू शिरांनी आखून दिलेले. ठिपक्यांभोवती पानाचा रंग उतरलेला. वरून पाहणाऱ्याला हे डाग सहज दुसरं काहीतरी वाटले असते. पान पालथं केलं आणि भिंगातून पाहिलं, तर त्याच ठिपक्यांच्या जागी फुगीर पुळ्या होत्या. काहींच्या टोकाला बारीक भोक होतं आणि त्यातून फिकट तपकिरी भुकटी बाहेर आली होती. हा फॅकोप्सोरा पॅकिरायझी, सोयाबीनचा तांबेरा. वीस झाडं पाहिली. चौदांच्या खालच्या पानांवर तो होता. मधल्या पानांवर तो फक्त पाच झाडांवर होता आणि शेंड्याला कुठेच नव्हता.

आबा बाजूला उभे होते. मी सांगितलं, "आबा, तुमचं खरं होतं. तांबेरा आहे."

"मी तर पिवळं बघून म्हनलो होतो," ते म्हणाले. "खाली कुठं वाकून बघितलं होतं मी?"

त्यांनी ज्या पिवळेपणाला तांबेरा म्हटलं, तो तांबेरा नव्हता. जो तांबेरा होता, तो त्यांनी पाहिला नव्हता. एकाच वेळी एकाच रानात दोन गोष्टी होत्या, एक शेंड्याला आणि एक बुडाला, आणि फोटोने फक्त वरची दाखवली. लोहाच्या कमतरतेचा पिवळेपणा वरून खाली दिसतो, तांबेऱ्याचा खालून वर चढतो. हे मला पाठ होतं. पण झाडाचा खालचा अर्धा भाग फोटोत नसेल, तर हा नियम लावायचा कशाला?

घरी येऊन मी ते पाच जुने फोटो मोठे करून पुन्हा पाहिले. तिसऱ्या फोटोत उजव्या कोपऱ्यात, दोन पानांच्या फटीतून, खालच्या पानाचा एक तुकडा दिसत होता. पिवळसर, त्यावर तपकिरी ठिपके. चौथ्यात एका बेचक्यात जांभळा ठिपका होता. फोटो मोबाइलवरून येताना दबून आला होता, त्यामुळे मोठा केला की फुटत होता आणि शपथेवर सांगता येईल असं काही त्यात नव्हतं. पण संशय घेण्याइतकं होतं. 'आणखी फोटो पाठवा' एवढंच मी तेव्हा म्हणायला हवं होतं.

सहा-सात दिवस गेले, त्याची किंमत काय, हेही सांगते. पानावर सहा ते बारा तास ओल टिकली आणि तापमान साधारण अठरा ते सव्वीस अंशांच्या आसपास राहिलं, की तांबेऱ्याचे बीजाणू रुजतात. आठ-दहा दिवसांत त्याच जागी नवी पुळी तयार होऊन नवे बीजाणू उडू लागतात. कृष्णाकाठची ऑगस्टमधली ढगाळ रात्र, भोवती ऊस आणि मिटलेल्या ओळी एकत्र आल्या की ही ओल पहाटेपासून दुपारपर्यंत टिकते. एक आठवडा म्हणजे या रोगाची जवळपास एक पिढी. १० ऑगस्टला जो बुडाच्या दोन पानांवर असावा, तो १७ ला मधल्या पानांवर चढायला लागला होता. आणि पीक आर-३ ला होतं. पुढे शेंग भरायला जी पानं लागतात, ती मधली आणि वरचीच. म्हणून अवस्था कळणं रोग कळण्याइतकंच गरजेचं असतं. हाच तांबेरा आर-६ नंतर, दाणा भरून झाल्यावर दिसला असता, तर मी आबांना फवारणीवर पैसे घालू नका असं सांगितलं असतं.

१८ ऑगस्टला संध्याकाळी फवारणी झाली. हेक्झाकोनॅझोल पाच टक्के ईसी, एक मिली प्रति लिटर, एकरी दोनशे लिटर पाणी या हिशेबाने. पाण्यात काटकसर केली असती, तर औषध वरच्या पाल्यावरच राहिलं असतं. म्हणून नोझल ओळीत खाली धरून वर मारायला लावलं. फवारणाऱ्या पोराला ते जड गेलं. पण तांबेरा पानाच्या पालथ्या बाजूला आणि बुडाला असतो, त्यामुळे वरून मारलेला फवारा त्याच्यापर्यंत पोचत नाही.

दहा दिवसांनी आबांनी फोटो पाठवला. या वेळी पान पालथं होतं. "औषध लागू झालं न्हाय. पुळ्या तशाच हायत."

हा गैरसमज मी दरवर्षी ऐकते, आणि फोटोंच्या नोंदीतही तो घोळ घालतो. बुरशीनाशक रोगाला थांबवतं, डाग पुसत नाही. मेलेला पेशीसमूह तपकिरीच राहतो, पुळीचं टरफल तसंच राहतं. त्या पानाचा फोटो फवारणीआधी आणि नंतर जवळपास सारखाच दिसतो. म्हणून १७ तारखेलाच मी पाच झाडांच्या वरून तिसऱ्या पानाच्या देठाला लाल लोकर बांधली होती. तेव्हा त्या पानांवर एकही पुळी नव्हती. मी आबांना म्हटलं, "खालचं पान सोडा. लोकर बांधलेली पानं पालथी करून पाठवा." पाचपैकी चार पानं स्वच्छ होती, एकावर तुरळक ठिपके. रोग थांबला होता. ही खूण आता मी सगळ्यांना सांगते : फवारणीचा परिणाम पाहायचा असेल, तर फवारणीच्या दिवशी जे पान निरोगी होतं तेच पुन्हा पाहावं. पहिल्या फवारणीनंतर पंधरा दिवसांनी, हवा अजून ढगाळ होती म्हणून, दुसरी दिली.

मान टाकलेल्या झाडांचं प्रकरण वेगळं होतं. त्याचाही फोटो आबांनी वरूनच घेतला होता. त्यात नुसती सुकलेली पानं देठाला लोंबताना दिसत होती. तसं झाड पाण्याअभावी दिसतं, खोडमाशीनेही दिसतं. खालच्या वाकुरीत पाणी सर्वांत जास्त दिवस थांबलं होतं. मी एक झाड उपटलं. बुंध्याशी, जमिनीच्या रेषेवर, कापसासारखी पांढरी बुरशी गुंडाळलेली होती आणि तिच्यावर फिकट ते गडद तपकिरी गोल दाणे होते, थेट मोहरीच्या दाण्यासारखे. आबा हातात घेऊन म्हणाले, "ही मोहरी कुठनं आली?" हे स्क्लेरोशियम रोल्फसाय या बुरशीचे गोळे. ही बुंध्याची कुज. हे गोळे जमिनीत टिकून राहतात आणि पुढच्या हंगामात तिथूनच रोग उठतो. ती दहा झाडं मातीसकट उपटून पोत्यात घालून रानाबाहेर नेली. तांबेऱ्यासाठी पिकावर मारलेल्या फवारणीचा या कुजीवर काही उपयोग नाही, हेही सांगितलं. वरून काढलेल्या फोटोवर ही कुज सिद्ध होत नाही. बुंध्यावरची माती हाताने बाजूला करून, जमिनीच्या रेषेचा जवळून फोटो लागतो. तो नसेल तर मी आता रोगाच्या रकान्यात 'मर, कारण ठरत नाही' एवढंच लिहिते.

त्या आठवड्यात मी गटाला फोटोची नवी रीत पाठवली. ती एकाच झाडाची, चार फोटोंची आहे. पहिला पूर्ण झाडाचा, बाजूने, पाला फाकवून, गाठी दिसतील असा. दुसरा बुडाकडून तिसऱ्या-चौथ्या पानाचा, पालथा. तिसरा वरून तिसऱ्या गाठीच्या बेचक्याचा, नाणं शेजारी धरून. चौथा बुंध्याचा, माती सारून. फोन पानापासून वीतभर अंतरावर धरावा, कारण फार जवळ नेला तर कॅमेरा अंधुक टिपतो. दुपारच्या कडक उन्हात पुळ्यांची सावलीच पडत नाही आणि पान सपाट दिसतं. सकाळी आठ-नऊला किंवा उन्हं कलल्यावर, तिरपा प्रकाश आला, की प्रत्येक पुळी आपल्या सावलीनिशी दिसते. मात्र मावळतीच्या अगदी पिवळ्या उजेडात प्रत्येक पान तांबेरलेलं वाटतं, तेवढं टाळावं. आणि फोटो पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून जोडावा, म्हणजे दाबला जात नाही.

पालथ्या पानाचा फोटो आला, तरी एक सोंग उरतं. सोयाबीनवर जिवाणूजन्य पुळीही येते. तिलाही मध्ये उंचवटा असतो, भोवती पिवळं वलय असतं, आणि साध्या फोनच्या फोटोत ती तांबेऱ्यासारखीच दिसते. फरक असा की तिच्या टोकाला भोक नसतं आणि तिच्यातून भुकटी येत नाही, पुढे पुढे ती फाटल्यासारखी होते. अशा वेळी मी सांगते, दोन पानं ओल्या कागदात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत रात्रभर सावलीत ठेवा आणि सकाळी पुन्हा फोटो काढा. तांबेरा असेल तर पुळ्यांवर बीजाणूंचा फिकट थर चढलेला दिसतो. बोटाने पुसून पाहण्याची जी जुनी खूण आहे, ती सोयाबीनवर फारशी भरवशाची नाही, कारण या तांबेऱ्याचे बीजाणू फिकट असतात आणि बोटावर सहज दिसत नाहीत.

बोटाची ती खूण सूर्यफुलावर मात्र खात्रीची आहे, आणि हे मला त्याच वर्षीच्या रब्बीत पुन्हा नीट कळलं. आबांचे जावई जतकडे सूर्यफूल करतात. जानेवारीत त्यांचे फोटो आले, सासऱ्याने शिकवल्याप्रमाणे पान पालथं धरलेले. पालथ्या बाजूला दालचिनीच्या रंगाच्या पुळ्या होत्या, थोड्या वरच्या बाजूलाही. त्यांनी बोट फिरवलेला फोटोही जोडला होता. बोटाचं टोक तांबूस तपकिरी झालेलं. पुक्सिनिया हेलिअँथी. नाव तेच, तांबेरा, पण बुरशी वेगळी. सोयाबीनचा तांबेरा सूर्यफुलाला लागत नाही आणि सूर्यफुलाचा सोयाबीनला लागत नाही. शेजारच्या पानावर मोठे काळपट तपकिरी डाग होते, आत एकात एक वर्तुळं असलेले. बोट फिरवलं तर काही लागलं नाही. तो अल्टरनेरियाचा करपा. जावयांनी दोन्हींना तांबेराच म्हटलं होतं.

अवस्थेच्या बाबतीत सूर्यफूल सोयाबीनच्या अगदी उलट फसवतं. सोयाबीन फूल लपवतं, सूर्यफूल ते आधीच मिरवतं. पिवळ्या पाकळ्या उघडल्या की लोक 'फुलोरा' लिहितात. पण दाणा त्या पाकळ्यांत धरत नाही, तो तबकातल्या बारीक फुलांत धरतो, आणि ती फुलं कडेकडून मध्याकडे रोज काही ओळी अशी उमलत जातात. म्हणून जावयांना मी तबकाचा समोरून फोटो मागितला. बाहेरच्या कडेला परागाचा पिवळा पट्टा होता आणि आतलं वर्तुळ अजून बंद हिरवट होतं. अंदाजे तीस टक्के फुलं उमललेली, म्हणजे सूर्यफुलाच्या वेगळ्या मोजणीत आर-५.३. आणखी पंधरा-वीस दिवसांनी हाच प्रश्न आला असता, तर तबकाचा मागून फोटो मागितला असता. पिकण्याची खूण मागे असते. मागची बाजू फिकट पिवळी होऊ लागली की आर-७. समोरच्या पाकळ्या तोवर वाळून गेलेल्या असतात.

त्याच जावयांच्या हरभऱ्यात मोहरीच्या चार ओळी होत्या. आपल्याकडे मोहरी म्हणजे इतकीच, डाळीच्या किंवा गव्हाच्या कडेने. त्यांनी एक शेंडा पाठवला : फुलाचा दांडा सुजलेला, पिळवटलेला, जाड हिरवा. "फुलोरा असा का?" तो फुलोरा नव्हता. तो पांढऱ्या तांबेऱ्याचा विकृत शेंडा होता, आणि नोंदीत तो 'फुलोरा' किंवा 'शेंगा' म्हणून गेला असता, तर रोगही सुटला असता आणि अवस्थाही. पान पालथं केल्यावर पांढरे, चकचकीत फोड दिसले, त्यांच्या बरोबर वर पानाच्या सुलट बाजूला पिवळे ठिपके. नावात तांबेरा असला तरी हा रोग आणणारा अल्बुगो खऱ्या तांबेऱ्यांच्या घराण्यातलाच नाही. त्यामुळे सोयाबीनला चाललेलं हेक्झाकोनॅझोल इथे चालवू नका, असं मी त्यांना सांगितलं. चार ओळींसाठी फवारणीच नको, रोगट शेंडे काढून टाका, एवढा सल्ला दिला.

मोहरीची अवस्था शेंड्यावरून ठरवू नये, हेही तेव्हाच लिहून ठेवलं. मोहरीचा दांडा खालून वर फुलतो. बुडाला शेंगा भरत असतात, मध्ये फुलं असतात आणि टोकाला कळ्या. टोकाचा फोटो काढला तर महिनाभर 'फुलोरा'च दिसत राहील. पूर्ण दांडा फोटोत घ्यावा आणि खालच्या शेंगा कितपत वाढल्या ते पाहावं. मोहरीलाही बुंध्या-खोडाची कुज येते, पण ती वेगळ्या बुरशीची. खोडावर पांढुरकी, वाळल्यासारखी पट्टी दिसते, खोड तिथे मोडतं, आणि चिरलं की आत काळे, वेडेवाकडे, उंदराच्या लेंड्यांसारखे गोळे सापडतात. सोयाबीनच्या बुंध्याबाहेर मोहरीसारखे गोल दाणे आणि मोहरीच्या खोडाच्या आत काळे खडे, हे दोन फोटो मी रजिस्टरमध्ये शेजारी शेजारी चिकटवले आहेत.

आबांचं सोयाबीन सप्टेंबरच्या शेवटी निघालं होतं. वरच्या वाकुऱ्यांत दाणा चांगला भरला होता. खालच्या वाकुरीत, जिथे पाणी थांबलं आणि तांबेरा आधी चढला, तिथला दाणा बारीक आणि सुरकुतलेला राहिला. मळणीच्या वेळी आबांनी तो वेगळा ठेवला होता आणि मला दाखवला. मी काही बोलले नाही. त्यांनीच विचारलं, पुढच्या साली काय पेरू? तीनशे पस्तीस तांबेऱ्याला बळी पडतं आणि हे खोरं तांबेऱ्याचं घर आहे. जवळच मिरज तालुक्यात कसबे डिग्रजचं कृषी संशोधन केंद्र आहे, राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं. तिथे तांबेऱ्याला तोंड देणारे वाण तयार झाले, केडीएस या नावाने. त्यातला फुले संगम, म्हणजे केडीएस ७२६, घ्या असं मी सांगितलं. प्रतिकारक म्हणजे रोग येतच नाही असं नाही, म्हणून पस्तिसाव्या दिवसापासून आठवड्याला एक पालथं पान पाहायचं, हेही ठरलं.

यंदा २७ जुलैला सकाळी सव्वाआठला आबांचे चार फोटो आले, 'डॉक्युमेंट' म्हणून. सोबत लिहिलं होतं, "पान पालथं धरलंय. नाणं ठेवलंय. बघ."

पाला फाकवलेल्या फोटोत चौथ्या गाठीला एक फूल उमललेलं होतं, वरच्या गाठींना फक्त कळ्या. पालथ्या पानावर लव आणि शिरा, पुळी नाही. बुंधा कोरडा आणि हिरवा. मी लिहिलं : "सोयाबीन. आर-१. तिसऱ्या-चौथ्या पानावर तांबेरा दिसत नाही. बुंध्याची कुज दिसत नाही. पुढचा फोटो ३ ऑगस्ट." आणि आबांना कळवलं की फूल लागलंय.

"व्हय," त्यांनी उत्तर दिलं, "काल वाकून बघितलं."